म्हापशाला गेलेला मसाला आणि जीएसटी नंबर: कोल्हापूरच्या एका घरगुती विक्रेतीचं प्रकरण

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका ताई घरी कांदा-लसूण मसाला आणि उडदाचे पापड करून विकतात. ओळखीची गिऱ्हाइकं, दोन-तीन किराणा दुकानं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ऑर्डरी मिळून वर्षाची विक्री नऊ लाखांच्या आसपास जाते. २०२५ च्या दिवाळीआधी मुलाने सुचवलं, मसाला एखाद्या मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर लावू. विक्रेता म्हणून खातं उघडायला बसले तर पहिल्याच पानावर जीएसटी नंबर मागितला. ताईंचा प्रश्न साधा होता: "चाळीस लाखांच्या आत नंबर लागत नाही म्हणतात, मग हे कशाला मागतात?"

हे प्रकरण नमुन्याचं आहे. व्यवसाय, तारखा आणि रकमा हिशेब नीट दिसावा म्हणून ठरवल्या आहेत. नियम मात्र आहेत तसेच दिले आहेत.

चाळीस लाखांची मर्यादा कुणाला लागू पडते

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या चाळीस लाखांच्या एकूण उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नाही, ही सवलत १ एप्रिल २०१९ पासून आहे. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा वीस लाख आहे. एकूण उलाढाल पॅन नंबरवर मोजतात, म्हणजे एकाच माणसाचे दोन धंदे असतील तर दोन्हींची विक्री एकत्र धरतात, आणि त्यात करमाफ मालही येतो. ताईंच्या पापडावर जीएसटी शून्य आहे, तरी पापडाची विक्री उलाढालीत मोजावीच लागते. तशी मोजूनही आकडा नऊ लाखांचाच, चाळीसपासून फार दूर.

पण ही मर्यादा सगळ्यांसाठी नाही. जीएसटी कायद्याच्या कलम २४ मध्ये अशा लोकांची यादी आहे, ज्यांना उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावीच लागते. त्या यादीतल्या दोन गोष्टी ताईंच्या कामाच्या आहेत. करपात्र माल राज्याबाहेर विकणारा या यादीत येतो. आणि विक्रेत्याला द्यायच्या पैशांतून टीसीएस नावाचा कर आधीच कापून सरकारकडे भरणाऱ्या मार्केटप्लेसमार्फत माल विकणाराही येतो.

बहुतेक जण या दुसऱ्या कारणाकडेच बघतात. म्हणून ताईंना पहिला प्रश्न मार्केटप्लेसबद्दल विचारलाच नाही. विचारलं ते हे, की आजवर मसाला महाराष्ट्राबाहेर कुठे विकला आहे का?

त्यांनी मोबाइल काढून चॅट दाखवली. उन्हाळ्यात बेळगावच्या एका बाईंनी पापड मागवले होते, पैसे ऑनलाइन आले होते. आणि ६ ऑक्टोबरला म्हापशाच्या एका गिऱ्हाइकाने मसाल्याचे चार डबे मागवले, ते कुरिअरने गेले. त्याआधी राज्याबाहेर मसाला गेलेला नव्हता. बेळगावच्या मावशींना दरवर्षी जातो, पण तो घरचा म्हणून, पैसे न घेता.

कोल्हापूरकराला बेळगाव परकं वाटत नाही, म्हापसाही जवळचं. कर कायद्यात मात्र राज्याची हद्द ओलांडली की व्यवहाराची जात बदलते. बेळगावच्या पापडांनी काही बिघडलं नाही, कारण कलम २४ मध्ये राज्याबाहेरची 'करपात्र' विक्री म्हटलं आहे आणि पापड करमाफ आहेत. ताई फक्त पापडच विकत असत्या तर त्यांना नोंदणीच लागली नसती. निव्वळ करमाफ माल विकणाऱ्याला कलम २३ ने मोकळीक दिली आहे. मसाल्याचं तसं नाही, त्यावर ५ टक्के कर आहे. म्हापशाला चार डबे गेले त्या दिवशी, म्हणजे ६ ऑक्टोबरला, ताईंवर नोंदणीचं बंधन आलं. मार्केटप्लेस अजून मध्ये आलंच नव्हतं.

इथे एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नोंदणीचं बंधन फक्त त्या चार डब्यांपुरतं राहत नाही. ज्याने नोंदणी घ्यायला हवी असा माणूस कायद्याच्या नजरेत त्या दिवसापासून करदाताच असतो, नंबर हातात असो वा नसो. त्यामुळे ६ ऑक्टोबरनंतर राजारामपुरीतल्या शेजारणीला विकलेल्या मसाल्यावरही कर लागू झाला. गोव्याच्या त्या पार्सलची किंमत हजार-दोन हजार असेल, पण त्याचा परिणाम दिवाळीच्या सगळ्या विक्रीवर होणार होता.

नंबरशिवायची वाट होती का?

होती, आणि तिची माहिती फारशी कुणाला नसते. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणी न घेता मार्केटप्लेसवर माल विकता येतो. त्यासाठी उलाढाल मर्यादेच्या आत हवी, आणि जीएसटी पोर्टलवर पॅन व धंद्याचा पत्ता देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक म्हणजे जीएसटी नंबर नव्हे. त्याने कर आकारता येत नाही, रिटर्न भरावं लागत नाही, आणि अशा विक्रेत्याच्या विक्रीवर मार्केटप्लेसने टीसीएस कापायचा नसतो.

अट मात्र कडक आहे. असा विक्रेता राज्याबाहेर माल विकू शकत नाही, मार्केटप्लेसवरूनही नाही आणि स्वतःहूनही नाही. शिवाय या अटीत 'करपात्र' हा शब्द नाही, त्यामुळे बेळगावचे पापडसुद्धा तिच्यात अडकतात. राज्याबाहेरची ऑर्डर घेऊ न देण्याची जबाबदारी मार्केटप्लेसवरही टाकलेली आहे. आणि प्रत्येक मार्केटप्लेस ही सोय विक्रेत्याला उघडी ठेवतं असंही नाही. फॉर्ममध्ये जीएसटी नंबराखेरीज दुसरा रकानाच नसेल तर कायद्याने दिलेली सवलत हाती लागत नाही. ज्यांचं गिऱ्हाईक फक्त महाराष्ट्रातच आहे त्यांनी ही वाट आधी तपासून बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नंबर एकदा घेतला की दरमहा किंवा दर तिमाहीला रिटर्न भरणं आलं, विक्री शून्य असली तरी.

तिसरी वाट कंपोझिशन योजनेची, म्हणजे छोट्या धंद्याने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची. तीही आता माल विकणाऱ्याला मार्केटप्लेसवर चालते, पण तिथेही विक्री राज्याच्या आतच हवी. गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून त्याची वजावट, मिळत नाही, आणि ताई स्वतः मसाला बनवत असल्याने उत्पादक म्हणून राज्यातल्या पूर्ण उलाढालीवर १ टक्का भरावा लागला असता. पूर्ण उलाढाल म्हणजे करमाफ पापडासकट. पापडाचा वाटा मोठा असताना हे पटण्यासारखं नव्हतं.

ताईंना गोवा आणि बेळगावचं गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. आमची माणसं तिथेही आहेत, असं त्या म्हणाल्या. त्यामुळे नियमित नोंदणी हाच मार्ग उरला.

मधल्या चार आठवड्यांचं काय करायचं

बंधन आल्यापासून तीस दिवसांत अर्ज केला तर नोंदणी बंधन आलं त्याच तारखेपासून लागू होते. उशीर केला तर ती मंजुरीच्या तारखेपासून लागू होते, आणि मधल्या काळातला कर, व्याज व दंड वेगळा अंगावर बसतो. दिवाळीच्या धांदलीत ताईंनी २४ ऑक्टोबरला अर्ज केला, म्हणजे मुदतीत. घर सासऱ्यांच्या नावावर असल्याने त्यांचं संमतीपत्र आणि घराचं वीजबिल जोडलं, आधारची पडताळणी झाली, आणि ३ नोव्हेंबरला प्रमाणपत्र आलं. त्यावर लागू तारीख होती ६ ऑक्टोबर. सरकारी फी काहीच नसते.

आता ६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या काळात साध्या कच्च्या पावत्यांवर विकलेल्या मसाल्याचा प्रश्न आला. वहीत त्या काळातली मसाल्याची विक्री ४२,००० रुपये निघाली. नंबर नसताना गिऱ्हाइकाकडून कर घेतलेलाच नव्हता, आणि दिवाळी झाल्यावर कुणाकडे पाच टक्के मागायला जाता येत नाही. अशा वेळी मिळालेल्या रकमेतच कर धरलेला आहे असं मानून उलटा हिशेब करतात: ४२,००० गुणिले ५ भागिले १०५. कर निघाला २,००० रुपये. चुकून सरळ पाच टक्के लावले असते तर २,१०० भरले गेले असते. हा उलटा हिशेब पुढे मार्केटप्लेसवर रोज लागणार आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा.

त्या काळातल्या विक्रीसाठी प्रमाणपत्र मिळाल्यापासून एका महिन्यात सुधारित इनव्हॉइस काढता येतात. नोंदणी नसलेल्या घरगुती गिऱ्हाइकांसाठी प्रत्येकी एक काढायची गरज नाही, सगळ्यांचं मिळून एक चालतं. गोव्यासाठी वेगळं एक केलं. अर्ज मुदतीत केल्याचा आणखी एक फायदा मिळाला. ५ ऑक्टोबरला घरात शिल्लक असलेल्या मिरची, डबे आणि लेबलांवर आधी भरलेल्या कराचं क्रेडिट आयटीसी-०१ हा फॉर्म भरून घेता आलं, कारण त्या खरेदीची पक्की बिलं जपून ठेवली होती. कच्च्या चिठ्ठीवर आणलेल्या मिरचीचं क्रेडिट अर्थातच मिळालं नाही.

कराच्या दराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कांदा-लसूण मसाला निव्वळ मसाल्यांचं मिश्रण मानायचा की कांदा, लसूण, तेल, मीठ घातलेला तयार मसाला, यावर कराचा दर ठरवणारा त्याचा कोड बदलतो. पूर्वी एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला १२ टक्के होते, त्यामुळे वाद पैशांचा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुसऱ्या गटाचा दरही ५ टक्के झाला. ताईंची सगळी करपात्र विक्री त्यानंतरची असल्याने कोणत्याही कोडने कर तेवढाच येतो.

बिलावर काय बदललं

नोव्हेंबरअखेर मसाला आणि पापड मार्केटप्लेसवर लागले. मसाल्याच्या डब्याची छापील किंमत ४२० रुपये, पापडाच्या पाकिटाची १८०. पुण्याहून पहिली ऑर्डर आली, दोन्हीची एक-एक. गिऱ्हाइकाने ६०० रुपये दिले. ताईंना वाटत होतं की बिल मार्केटप्लेसच्या नावाने निघेल. तसं होत नाही. अशा मार्केटप्लेसवर माल विकणाऱ्या ताईच असतात, मार्केटप्लेस फक्त दुकानाची जागा देतं. म्हणून बिल संगणक मार्केटप्लेसचा काढत असला तरी वर नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर ताईंचाच असतो. घरातून धंदा करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं, कारण घरचा पत्ता प्रत्येक पार्सलसोबत जातो.

पुण्याच्या त्या बिलात मसाल्याची करपूर्व किंमत ४०० रुपये दाखवली, त्यावर केंद्राचा कर १० आणि राज्याचा कर १०. पापडाचे १८० करमाफ. एरवी करपात्र मालाला टॅक्स इनव्हॉइस आणि करमाफ मालाला बिल ऑफ सप्लाय असे दोन कागद लागतात. पण गिऱ्हाईक नोंदणी नसलेलं असेल तर दोन्ही मिळून एकच कागद चालतो, त्याला इनव्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय म्हणतात. पापडाच्या ओळीत कराचा दर ० आहे ना, हे माल लावतानाच तपासावं लागतं. दर मार्केटप्लेसच्या यादीतून निवडायचा असतो, आणि चुकून ५ टक्के निवडले तर गिऱ्हाइकाकडून कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारला भरावीच लागते, माल करमाफ असला तरी.

टीसीएस बिलावर कुठेच नव्हता, आणि तो नसायलाच हवा. इथे खूप गोंधळ होतो. कलम ५२ खाली मार्केटप्लेस विक्रेत्याच्या करपात्र विक्रीच्या ०.५ टक्के रक्कम कापून सरकारकडे भरतं. १ ऑक्टोबर २०१८ ला हे सुरू झालं तेव्हा दर १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा झाला. ही रक्कम गिऱ्हाइकाकडून जास्तीची घेत नाहीत, ताईंना द्यायच्या पैशांतून कापतात. म्हणून ती बिलात जोडायची नाही आणि किंमत ठरवताना खर्च म्हणूनही धरायची नाही. ती ताईंच्याच नावावर जमा होते.

कापतात ती करपूर्व किमतीवर. पुण्याच्या ऑर्डरीत ४०० वर २ रुपये, त्यातला एक केंद्राच्या आणि एक राज्याच्या खात्यात. पापडावर काहीच नाही, कारण टीसीएस करपात्र मालावरच असतो. कुणाला ४२० वर किंवा पूर्ण ६०० वर कापलेला दिसला तर माल लावताना काहीतरी चुकलं आहे असं समजावं.

दुसऱ्या दिवशी मडगावहून मसाल्याच्या एका डब्याची ऑर्डर आली. किंमत तीच, करपूर्व ४०० तेच, पण बिलावर दहा-दहाऐवजी एकच ओळ: एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी, २० रुपये. टीसीएसचे २ रुपयेही त्याच खात्यात गेले. एकूण कर तेवढाच असतो, फक्त त्याचा रकाना वेगळा. महिनाअखेरीस हे रकाने जुळले नाहीत की रिटर्नमध्ये फरक दिसतो.

मग आलेली एक ऑर्डर जरा अवघड होती. मुंबईतल्या मुलाने पैसे भरले, त्याचा पत्ता दादरचा, आणि माल पाठवायचा होता बेळगावला आईकडे. हे राज्यातलं की राज्याबाहेरचं? नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत बिलावर लिहिलेला पत्ता धरतात, आणि बिलाचा व पोहोचवण्याचा पत्ता वेगळा असेल तर पोहोचवण्याचा पत्ता धरायचा, असं जून २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. म्हणून ही विक्री कर्नाटकातली आणि कर आयजीएसटी. मार्केटप्लेसचा संगणक हे आपोआप करतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरीत मात्र ताईंना स्वतः लक्ष ठेवावं लागतं, कारण तिथे पैसे एकाचे आणि पत्ता दुसऱ्याचा असं सर्रास होतं. त्या थेट ऑर्डरींवर टीसीएस नसतो, कर मात्र असतो.

सवलतीचाही परिणाम बिलावर होतो. डिसेंबरात मार्केटप्लेसने स्वतःच्या खर्चाने ४० रुपयांचं कूपन दिलं, गिऱ्हाइकाने ३८० भरले आणि उरलेले ४० मार्केटप्लेसने ताईंना दिले. अशा वेळी ताईंना एकूण मिळाले ४२०, म्हणून कर ४२० मधूनच काढायचा. तीच सवलत ताईंनी स्वतःच्या खिशातून दिली असती तर विक्री ३८० ची झाली असती आणि कर कमी लागला असता. सवलत कुणाच्या खर्चाने आहे ते मार्केटप्लेस दिलेल्या पैशांचा हिशेब दाखवतं त्या सेटलमेंटच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत दिसतं.

डिसेंबरचा पूर्ण हिशेब

डिसेंबरात मार्केटप्लेसवरून मसाल्याचे १०० डबे गेले, त्यातले ७० महाराष्ट्रात, ३० बाहेर. महाराष्ट्रातले ५ आणि बाहेरचे ३ परत आले. पापडाची ६० पाकिटं गेली, परत काही आलं नाही. महिनाअखेरीस बँकेत ४०,९९६ रुपये जमा झाले, आणि ताईंनी विक्रीच्या वहीत तोच आकडा लिहिला होता.

नव्या विक्रेत्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बँकेत येते ती कापाकापीनंतरची रक्कम. विक्री मोजायची ती गिऱ्हाइकाच्या बिलावरून. परत आलेला माल वजा करून मसाल्याचे ९२ डबे विकले गेले, करपूर्व ३६,८०० रुपयांचे. त्यात महाराष्ट्रातले २६,००० आणि बाहेरचे १०,८००. पापडाचे आणखी १०,८००. म्हणजे डिसेंबरची खरी उलाढाल ४७,६०० रुपये.

गिऱ्हाइकांनी करासकट दिले ४९,४४०. त्यातून मार्केटप्लेसने कमिशन आणि पाठवणीचे ७,००० व त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६० असे ८,२६० कापले, टीसीएसचे १८४ कापले, आणि उरलेले ४०,९९६ बँकेत टाकले. प्राप्तिकराचा ०.१ टक्के टीडीएस वेगळा असतो. पण एका मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला, पॅन किंवा आधार दिलेला असेल तर, तो लागत नाही. म्हणून तो इथे नाही. टीडीएस आणि टीसीएस ही दोन वेगळ्या खात्यांची कापणी आहे. पहिली प्राप्तिकराच्या विवरणात दिसते आणि दुसरी जीएसटी पोर्टलवर.

आता भरायचा कर बघू. महाराष्ट्रातल्या विक्रीवर केंद्राचा ६५० आणि राज्याचा ६५०, बाहेरच्या विक्रीवर आयजीएसटी ५४०, एकूण १,८४०. यातून कमिशनवर दिलेल्या १,२६० चं क्रेडिट मिळतं, पण पूर्ण नाही. ते कमिशन करमाफ पापड विकण्यासाठीही दिलं आहे, म्हणून पापडाच्या वाट्याचं क्रेडिट सोडावं लागतं. त्या महिन्यात बाकी विक्री नव्हती असं धरलं तर हा वाटा ४७,६०० पैकी १०,८०० चा, म्हणजे साधारण २८६ रुपये. वापरता येतं ते क्रेडिट ९७४. मिरची आणि डब्यांवरचं क्रेडिट इथे सोपेपणासाठी धरलेलं नाही.

कमिशनचं बिल दुसऱ्या राज्यातून आलं होतं, म्हणून हे क्रेडिट आयजीएसटीचं. त्यातून आधी आयजीएसटीचे ५४० फिटले, उरलेले ४३४ केंद्र आणि राज्याच्या करात गेले. त्यांचे १,३०० होते, ८६६ राहिले. आता टीसीएस कामी येतो. केंद्र आणि राज्याच्या रकान्यांत मिळून १३० जमा होते, ते वापरून ७३६ उरले. आयजीएसटीच्या रकान्यातले ५४ मात्र नुसते पडून राहिले, कारण तिथे भरायचं काही उरलंच नव्हतं. ते पीएमटी-०९ या फॉर्मने दुसऱ्या रकान्यांत वळवले आणि शेवटी रोख भरावे लागले ६८२ रुपये.

ही टीसीएसची रक्कम आपोआप हातात येत नाही. मार्केटप्लेस पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ हे टीसीएसचं रिटर्न भरतं, त्यानंतर विक्रेत्याने पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट' या तक्त्यात जाऊन ती नोंद स्वीकारायची असते. ती स्वीकारून तक्ता दाखल केला की मगच रक्कम कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या विक्रेत्याच्या रोख खात्यात येते. कितीतरी छोट्या विक्रेत्यांचे पैसे या एका क्लिकसाठी महिनोन्‌महिने अडकून असतात, आणि ते कर म्हणून पुन्हा खिशातून भरत असतात. कर भरूनही लेजरमध्ये शिल्लक राहिली तर तिचा परतावा मागता येतो.

त्याच जीएसटीआर-८ मुळे बँकेच्या आकड्याची चूक लपत नाही. त्यात ताईंची करपात्र विक्री ३६,८०० दिसते. ताईंनी ११ जानेवारीपर्यंत भरायच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये मार्केटप्लेसमार्फत झालेल्या विक्रीचा वेगळा तक्ता आहे, चौदाव्या क्रमांकाचा. तिथलाही आकडा तोच यायला हवा. ही विक्री आधीच्या तक्त्यांत धरलेली असतेच. चौदावा तक्ता फक्त कोणत्या मार्केटप्लेसमार्फत किती ते सांगतो, त्याने कर दुप्पट होत नाही. मार्केटप्लेसने काढलेल्या बिलांची मालिका आणि ताईंच्या स्वतःच्या बिलबुकाची मालिका वेगवेगळी असते, त्या दोन्ही तेराव्या तक्त्यात द्याव्या लागतात.

परतीच्या मालाने आकडे हलतात. डिसेंबरात विकलेले आणखी दोन डबे जानेवारीत परत आले. मार्केटप्लेसने ते जानेवारीच्या जीएसटीआर-८ मध्ये वजा केले, म्हणून ताईंनीही त्यांची क्रेडिट नोट जानेवारीतच दाखवली. डिसेंबरचा आकडा मागे जाऊन दुरुस्त केला असता तर दोन्ही महिन्यांत फरक दिसला असता. यासाठी दर महिन्याला मार्केटप्लेसचा कर अहवाल आणि सेटलमेंटचा तक्ता असे दोन्ही कागद उतरवून ठेवावे लागतात. पहिला बिलांच्या तारखेने चालतो आणि दुसरा पैसे दिल्याच्या तारखेने, त्यामुळे महिनाअखेरच्या ऑर्डरी दोन्हींत वेगवेगळ्या महिन्यांत पडतात. जीएसटीसाठी पहिला धरायचा.

फेब्रुवारीत मार्केटप्लेसकडून विचारणा आली की माल त्यांच्या गोदामात ठेवाल का, पोहोच लवकर होईल. दोन जागा सुचवल्या होत्या, भिवंडी आणि बंगळुरू. भिवंडी महाराष्ट्रातच असल्याने तिथलं गोदाम ताईंच्या नंबरवर धंद्याची जादा जागा म्हणून जोडून भागतं. बंगळुरूला माल ठेवला तर तिथून होणारी विक्री कर्नाटकातून झालेली मानतात, आणि कर्नाटकचा वेगळा जीएसटी नंबर, वेगळी रिटर्नं आली. ताईंनी भिवंडी निवडलं, नंबरात ती जागा जोडून घेतली, आणि मगच पहिली चाळीस डब्यांची पेटी तिकडे पाठवली.